फोटोच्या कडा कोठें जातात?

घरांतल्या समारंभाचा फोटो मोठा करून आणावा, तों लहान फोटोंत असलेला एखादा खांदा, एखादा हात, क्वचित् एखादा सबंध माणूसच मोठ्या फोटोंतून नाहींसा झालेला आढळतो. छापणाऱ्यानें हलगर्जीपणा केला असें समजून आपण त्याला दोष देतों. परंतु पुष्कळदां त्या बिचाऱ्याचा यांत कांहींच अपराध नसतो. ही कात्री चालविणारे हात फार जुने आहेत. ते कोणाचे, हें आज सांगावयाचें आहे.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची पद्धति जाहीर झाली. त्याच्या यंत्रांत बसणारा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब असे, आणि तो पत्रा हेंच चित्र होतें. पुढें कांचेवर निगेटिव्ह घेऊं लागले. त्या कांचेवर कागद चिकटवून ठेवावयाचा व उजेड द्यावयाचा, कीं चित्र उमटे. जेवढी कांच तेवढाच फोटो. त्यामुळें त्या काळीं कडा कापल्या जाण्याचा प्रश्नच नव्हता. कांचांचे जे आकार रूढ झाले, त्यांत आठ इंच बाय दहा इंच हा एक मोठा आकार होता. मोठे कॅमेरे मागें पडले, तरी तें माप कागदाच्या पाकिटावर आणि भिंतीवरच्या चौकटींत टिकून राहिलें.

दुसरें माप निराळ्याच घराण्यांतलें आहे. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन नांवाचा मदतनीस हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करीत होता. १८९२ च्या सुमारास त्यानें ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म कायम केली. ती ओढण्यासाठीं दोन्ही कडांना भोकें पाडलेलीं असत. मधल्या जागेंत सुमारें २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच असें एकेक चित्र बसे. ही फिल्म सिनेमासाठीं होती. घरांतल्या फोटोशीं तिचा संबंध नव्हता.

तो संबंध जर्मनींतील वेट्झलार गांवीं जडला. तेथें लाइट्झ यांच्या भिंगांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक हा कारागीर नोकरीस होता. जड कॅमेरा वागविण्यापेक्षां खिशांत मावेल असा कॅमेरा करावा, म्हणून त्यानें सिनेमाची फिल्म घेतली आणि ती उभी न चालवितां आडवी चालविली. सिनेमाचीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं जेवढी जागा होते तेवढी त्यानें एका फोटोला दिली. अठराचे छत्तीस झाले, चोवीस तसेच राहिले. पहिलें यंत्र १९१४ च्या सुमारास तयार झालें, आणि १९२५ सालीं ‘लायका’ या नांवानें असे कॅमेरे बाजारांत आले. अशा रीतीनें चोवीस बाय छत्तीस, म्हणजे दोनास तीन, हें प्रमाण जन्मास आलें. आजच्या पुष्कळशा मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांतही तेंच आहे.

आतां गणित पाहूं. दोनास तीन या प्रमाणाचें चित्र आठ इंच उंच होईपर्यंत मोठें केलें, तर त्याची लांबी बारा इंच होते. कागद मात्र दहाच इंच लांब. राहिलेले दोन इंच कोठें ठेवणार? ते कागदाबाहेर पडतात. म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा गेला! पांच बाय सात इंचांच्या कागदावर अर्धाच इंच जातो, आणि चार बाय सहा इंचांवर प्रमाण तंतोतंत जुळतें. तेथेंही यंत्र चित्र किंचित् मोठें करून छापतें, कारण कागद जरा सरकला तर पांढरी रेघ दिसूं नये. म्हणून कडेची बारीक पट्टी तेथेंही जातेच.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचें चित्र बहुधा तिनास चार या प्रमाणाचें असतें. तें आडवें चित्र चार बाय सहाच्या कागदावर सहा इंच लांब केलें, तर साडेचार इंच उंच होतें. तेथें बाजू शाबूत राहतात, पण डोक्यावरची व पायाखालची मिळून अर्ध्या इंचाची पट्टी जाते. कोणती कड जाणार हें असें कॅमेरा व कागद या दोघांवर अवलंबून असतें.

यांत नुकसान कसें होतें, तें माझ्या शिक्षकी धंद्यांतलें उदाहरण देऊन सांगतों. वर्गाचा फोटो घेतांना बारा मुलें एका रांगेंत उभीं केलीं, आणि रांगेनें चित्राची सबंध लांबी व्यापली. चित्र बारा इंचांचें धरलें तर प्रत्येकाच्या वांट्यास एक इंच आला. आठ बाय दहाच्या कागदावर यंत्र मध्य धरून दोन्ही बाजूंनीं एकेक इंच सोडतें. म्हणजे पहिला आणि बारावा मुलगा गेला. पुष्कळ वर्षांनीं त्या बाराव्या मुलाचा नातू तो फोटो पाहावयास आला, तर त्याला काय दाखवावें?

म्हणून मोठा फोटो सांगण्यापूर्वीं एक सोपी गोष्ट करावी. जाड काळ्या कागदांत चार बाय पांच इंचांची खिडकी कापावी. हें आठ बाय दहाचें निम्में माप आहे. ती खिडकी चार बाय सहाच्या लहान फोटोवर ठेवून डावीकडून उजवीकडे सरकवावी. आपल्याजवळ सोडण्यास एकच इंच आहे. तो दोन्हीकडून अर्धा अर्धाच सोडला पाहिजे असें नाहीं. एका बाजूस रिकामी भिंत असेल तर सगळा इंच तिकडूनच द्यावा. माणूस ज्या दिशेस पाहत असेल त्या दिशेची मोकळी जागा राखावी. मनगटावर, गुडघ्यावर किंवा घोट्यावर कड येऊं देऊं नये; तेथें कापलें कीं अवयव तुटल्यासारखा दिसतो. भिंतीवरचें कॅलेंडर किंवा दुकानाची पाटी कडेला असेल, तर सोडण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. पुढें फोटोचें साल त्यावरूनच ठरतें.

कापणें नेहमीं वाईटच असें मात्र नाहीं. ५ मार्च १९६० रोजीं हवाना येथें कोर्दा नांवाच्या छायाचित्रकारानें चे गेव्हारा याचा फोटो घेतला. मूळ आडव्या चित्रांत एका बाजूस दुसऱ्या माणसाचा चेहरा व दुसऱ्या बाजूस ताडाचीं पानें होतीं. कोर्दानें दोन्हीही सोडून दिलीं, आणि उरलेला चेहरा जगभर गेला. पण तेथें काय जावें हें कोर्दानें ठरविलें, कागदानें नव्हे. आणि मूळ निगेटिव्ह अखंड राहिल्यामुळेंच काय गेलें तें आज आपणांस सांगतां येतें.

खिडकींत सर्व माणसें मावतच नसतील, तर दोन मार्ग उरतात. एक, आठ बाय बारा इंचांचा कागद मागावा. त्यांत कांहींच जात नाहीं, फक्त चौकट वेगळी करवून घ्यावी लागते. दुसरा, आठ बाय दहाच्या कागदावरच सबंध चित्र छापावयास सांगावें. मग तें दहा इंच लांब व पावणेसात इंचांहून किंचित् कमी उंच येतें, आणि वरखालीं सुमारें पाऊण पाऊण इंचाची पांढरी पट्टी राहते. कित्येकांना ती पट्टी आवडत नाहीं. परंतु पहिला व बारावा मुलगा त्या पट्टीमुळेंच रांगेंत उभे राहतात.