प्रशिक्षण संपले, नोंद उरली : ब्रिटनमधील परिचारिकांचे चिंतनपर टिपण ई-पोर्टफोलिओत कसे उतरते

ब्रिटनमध्ये नोंदणीकृत असलेल्या प्रत्येक परिचारिकेला दर तीन वर्षांनी आपली नोंदणी नूतनीकृत करताना ‘रिव्हॅलिडेशन’ची प्रक्रिया पार पाडावी लागते. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने, म्हणजेच एनएमसीने, ती एप्रिल २०१६ पासून लागू केली. तीन वर्षांत किमान ४५० तासांचे काम, ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण, कामाविषयी मिळालेले पाच अभिप्राय आणि पाच लेखी चिंतनपर वृत्तान्त, या तिच्या मुख्य अटी होत. महाराष्ट्रातून येथे आलेल्या परिचारिकांना तासांची अट फारशी जड जात नाही. अडखळायला होते ते चिंतनपर वृत्तान्तापाशी. प्रशिक्षणाला हजेरी लावलेली असते, प्रमाणपत्र हाती असते. पण त्यातून झालेले शिक्षण पोर्टफोलिओत नोंदवायचे म्हणजे नेमके काय लिहायचे, हे स्पष्ट नसते. एका प्रशिक्षणाची नोंद पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत कशी घडते, हे या लेखात एका उदाहरणातून पाहू.

चार प्रश्न आणि त्यांतला अवघड तिसरा

वृत्तान्तासाठी एनएमसीचा ठरावीक नमुना आहे आणि तोच वापरावा लागतो. त्यात चार गोष्टी विचारल्या आहेत. प्रशिक्षण, अभिप्राय किंवा अनुभव कोणत्या स्वरूपाचा होता? त्यातून आपण काय शिकलात? त्यामुळे आपल्या कामात काय बदलले किंवा सुधारले? आणि एनएमसीच्या आचारसंहितेशी, म्हणजे ‘कोड’शी, त्याचा संबंध काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षणाच्या संध्याकाळी लिहिता येतात, किंबहुना तेव्हाच ती उत्तम लिहिली जातात. तिसऱ्याचे उत्तर त्या दिवशी देता येत नाही, कारण काम अजून बदललेलेच नसते. तरीही बहुतेक नोंदी एका बैठकीत पूर्ण केल्या जातात आणि तिसऱ्या रकान्यात ‘यापुढे मी अधिक काळजी घेईन’ असे वाक्य पडते. हा संकल्प झाला, बदल नव्हे. म्हणून नोंद दोन बैठकींत लिहावी. पहिल्या दिवशी तिसरा रकाना जाणूनबुजून रिकामा ठेवावा, सहा ते आठ आठवड्यांनंतरची तारीख दिनदर्शिकेत टाकावी आणि त्या दिवशी पुराव्यासह तो भरावा.

पहिली बैठक : एका श्वासाचा फरक

वैद्यकीय वॉर्डात काम करणाऱ्या एका मराठी परिचारिकेचे उदाहरण कल्पू. १२ मार्च रोजी तिने प्रकृती खालावत चाललेला रुग्ण वेळीच कसा ओळखावा, या विषयावरचे एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले. त्याचा गाभा होता ‘न्यूज २’ ही गुणांकन-पद्धती. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारित केलेल्या या पद्धतीत श्वसनगती, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांना गुण दिले जातात. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन लावलेला असल्यास आणखी दोन गुण मिळवले जातात. बेरीज जितकी मोठी, तितका धोका अधिक.

गटचर्चेत तिच्या लक्षात आले की आपण गेली कित्येक वर्षे श्वास पंधरा सेकंद मोजतो आणि आलेल्या आकड्याला चारने गुणतो. या रीतीने मिळणारे आकडे १६, २०, २४ असे चारच्या पटीतलेच असतात. मधली संख्या मिळूच शकत नाही. समजा, रुग्णाची खरी श्वसनगती मिनिटाला २२ आहे. पंधरा सेकंदांत पाच श्वास हाती लागले, तर तक्त्यावर २० लिहिले जाते. ‘न्यूज २’मध्ये १२ ते २० या गतीला शून्य गुण आणि २१ ते २४ या गतीला दोन गुण आहेत. इतर मोजमापांचे मिळून तीन गुण असतील, तर चुकीच्या मोजणीने बेरीज तीनच राहते आणि पुढची तपासणी चार ते सहा तासांनी होते. नीट मोजले असते तर बेरीज पाच झाली असती, डॉक्टरांना तातडीने बोलावले गेले असते आणि तपासणी किमान दर तासाला झाली असती.

त्या संध्याकाळी तिने प्रशिक्षणाचा सारांश लिहिला नाही. हा एकच मुद्दा लिहिला. प्रशिक्षणात आणखी दहा गोष्टी होत्या. त्या पुस्तिकेत आहेतच. तिच्या स्वतःच्या सवयीला धक्का देणारी गोष्ट एकच होती, आणि चिंतन त्या एका गोष्टीचेच होऊ शकते.

त्याच वेळी तिने तासांची नोंदही केली. प्रशिक्षण सकाळी ९ ते दुपारी ४:३० होते. जेवण व चहाचा दीड तास वगळता सहा तास उरले आणि ते इतर व्यावसायिकांबरोबर झाले असल्याने ‘सहभागात्मक’ ठरले. आदल्या आठवड्यात तिने एकटीने केलेला एक तासाचा ऑनलाइन पाठ सहभागात्मक नव्हे. म्हणजे एकूण सात तास, त्यांपैकी सहभागात्मक सहा. ३५ तासांपैकी किमान २० सहभागात्मक असावे लागतात, म्हणून ही विभागणी तेव्हाच करून ठेवणे श्रेयस्कर. अग्निसुरक्षेसारखे, आपल्या कामाशी थेट संबंध नसलेले सक्तीचे प्रशिक्षण यात धरता येत नाही.

दुसरी बैठक : पुरावा आणि त्याचा दुवा

पुढील आठवड्यांत तिने श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्यास आरंभ केला. वॉर्ड मॅनेजरच्या संमतीने दहा वेळा एका सहकारी परिचारिकेने त्याच रुग्णाचे श्वास त्याच वेळी स्वतंत्रपणे मोजले. नऊ वेळा दोघींच्या मोजणीत एकापेक्षा अधिक फरक पडला नाही. दहाव्या वेळी रुग्ण बोलत होता आणि मोजणी चुकली. हे दहाही निकाल तिने एका छोट्या तक्त्यात नोंदवले. त्यात रुग्णाचे नाव, खाट किंवा तारीख यांपैकी काहीही नव्हते. सहकारिणीने चार ओळींचा अभिप्राय लिहून दिला. हा अभिप्राय नूतनीकरणाला लागणाऱ्या पाच अभिप्रायांतही मोजता येतो.

२ मे रोजी पूर्ण झालेल्या तिच्या नोंदीचा आशय असा. प्रत्यक्ष नोंद अर्थातच इंग्रजीत आहे.

“प्रकृती खालावणारा रुग्ण ओळखण्याविषयीच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणास मी उपस्थित होते [पुरावा १]. मी श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणत असे. त्यामुळे २१ किंवा २२ ही गती माझ्या तक्त्यावर २० म्हणून उमटू शकते आणि दोन गुण हुकतात, हे मला गटचर्चेत उमगले [पुरावा २]. तेव्हापासून मी पूर्ण मिनिट मोजते. दहा दुहेरी मोजण्यांपैकी नऊ जुळल्या [पुरावा ३]. जी जुळली नाही, त्या वेळी रुग्ण बोलत होता. आता रुग्ण बोलत असल्यास मी थांबते आणि पुन्हा मोजते [पुरावा ४]. घाईच्या पाळीत मिनिट काढणे मला अजूनही कठीण जाते. त्यासाठी नाडी मोजून झाल्यावर हात मनगटावरच ठेवून श्वास मोजते. याचा संबंध कोडमधील ‘सुरक्षितता जपा’ या भागाशी, विशेषतः कलम १३.१ मधील प्रकृतीची लक्षणे अचूक ओळखण्याच्या अपेक्षेशी आहे.”

नोंद छोटी आहे, पण तिच्यातील प्रत्येक दाव्यामागे एक पुरावा आहे: प्रमाणपत्र, त्याच दिवशीचे टिपण, मोजणीचा तक्ता आणि सहकारिणीचा अभिप्राय. ज्या वाक्यामागे पुरावा नाही, ते मत आहे असे समजून तसेच लिहावे. घाईच्या पाळीविषयीचे वाक्य तसे आहे.

दुव्यांची सर्वांत मोठी अडचण अशी की ते निकामी होतात. रुग्णालयाच्या अंतर्गत संकेतस्थळावरील दुवा बाहेरच्या व्यक्तीला उघडता येत नाही आणि नोकरी बदलली की आपल्यालाही उघडत नाही. म्हणून मूळ पान जोडू नये. त्याची पीडीएफ प्रत आपल्या पोर्टफोलिओत ठेवावी आणि दुवा त्या प्रतीला द्यावा. फाइलचे नाव तीन वर्षांनीही कळेल असे असावे:

```
2025-03-12_NEWS2_certificate.pdf
2025-05-02_resp_rate_paired_counts.pdf
```

शेवटी, लॉगआउट करून दुसऱ्या ब्राउझरमधून प्रत्येक दुवा एकदा उघडून पाहावा. परवानगी मागणारा संदेश दिसला, तर तो आपल्या चर्चा-सहकाऱ्यालाही दिसणार आहे.

काय लिहू नये

रुग्ण किंवा सहकारी ओळखता येईल असे काहीही वृत्तान्तात असू नये, हा एनएमसीचा स्पष्ट दंडक आहे. नाव खोडले म्हणजे काम झाले असे नाही. वॉर्ड, तारीख आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस ओळखता येतो. तक्त्याचे छायाचित्र तर, नाव कापलेले असले तरी, कधीच जोडू नये.

चूक कबूल करण्याची भीती अनेकींना वाटते. २०१९ मध्ये ब्रिटनमधील नऊ आरोग्य-नियामक संस्थांनी संयुक्त निवेदनात स्पष्ट केले की एखाद्या व्यक्तीविषयीच्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिची वैयक्तिक चिंतनपर टिपणे मागितली जाणार नाहीत. न्यायालयांवर मात्र त्या निवेदनाचे बंधन नाही. म्हणून टिपणात घटनेचे वर्णन नव्हे, तर शिक्षण लिहावे. रुग्णाला इजा झाली असेल, तर तिची जागा रुग्णालयाच्या घटना-नोंदीत आणि वरिष्ठांना दिलेल्या माहितीत आहे. पोर्टफोलिओ तिला पर्याय नव्हे.

भाषेचा एक सूक्ष्म अडसरही येथे नमूद करावासा वाटतो. आपल्या कार्यालयीन मराठीला ‘मोजणी करण्यात आली’, ‘दक्षता घेण्यात येईल’ अशा कर्त्याला पडद्याआड ठेवणाऱ्या रचनेची सवय आहे. तीच रचना इंग्रजीत उतरली की कोणी काय केले, हेच हरवते. नोंद ‘मी’ने सुरू व्हावी.

नोंदीनंतर

पाचही वृत्तान्त एनएमसीला पाठवायचे नसतात. नोंदणीकृत दुसऱ्या परिचारिकेशी किंवा मिडवाइफशी त्यांवर चर्चा करायची आणि त्या चर्चेचा ठरावीक नमुना भरून जपायचा असतो. उदाहरणातील परिचारिकेला चर्चेत बहुधा एकच प्रश्न विचारला जाईल : रात्रीच्या पाळीत, आठ रुग्ण असताना, हे मिनिट अजूनही काढता का? नोंदीतील शेवटून तिसरे वाक्य प्रामाणिक असल्याने तिला उत्तर शोधावे लागणार नाही.