तळटीप : बंदिस्त वर्तुळातला खून

* अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ (१९३०) या कादंबरीत कर्नल प्रोथेरो पाद्रीबुवांच्याच अभ्यासिकेत मरून पडतो. गावात तो कुणालाच नकोसा असतो, त्यामुळे वाचकाला शोक करावा लागत नाही, सरळ कोड्याकडे वळता येते. अभ्यासिकेतले घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेले असते. घरच्यांना हे ठाऊक, पण इन्स्पेक्टर स्लॅक पाद्रीबुवांना बोलूच देत नाही! हे कोडे सोडवणाऱ्या मिस मार्पलपाशी प्रयोगशाळा नाही. आहे ती शेजाऱ्यांची नस अन् नस ओळखणारी नजर. अशा कथेत खुनी बाहेरचा, अनोळखी नसतो. तो याच मंडळींपैकी असल्याने त्याचे नाव कळताच बाकी सगळे संशयमुक्त होतात आणि गाव पुन्हा चहापाण्याला लागते. दिलासा आहे तो या हमीत. निव्वळ बंदिस्त वर्तुळाने तो मिळत नाही. ख्रिस्तींच्याच ‘अँड देन देअर वेअर नन’मध्ये (१९३९) बेटावर दहाच माणसे आहेत, पण त्यांच्यात उलगडा करणारे कुणी नाही. ती कादंबरी वाचून बहुतेकांची झोपच उडते. — संपा.