मेन स्विच बंद केला तरी डीबीत करंट असू शकतो! एमसीबी काढताना नेमकं काय लक्षात ठेवायचं?

घरातला एखादा एमसीबी सारखा पडतो, त्याची कळ ढिली होते किंवा त्याच्या टोकाशी काळपट डाग दिसतो. इलेक्ट्रिशियन येतो, मेन स्विच खाली करतो, डीबीचं झाकण काढतो आणि काही मिनिटांत नवा एमसीबी बसवून जातो. पाहायला हे काम सोपं वाटतं. पण 'मेन बंद आहे' याचा अर्थ 'डीबीत कुठेच करंट नाही' असा होत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. तरी ते कसं होतं हे माहीत असेल, तर काम नीट होतंय की नाही हे तुम्हाला ओळखता येतं.

मेन बंद केल्यावर काय बंद होतं?

एक उदाहरण घेऊ. टू बीएचके फ्लॅटच्या डीबीत सुरुवातीला 40 अँपिअरचा डबल पोल मेन स्विच आहे. त्याच्या शेजारी आरसीसीबी आणि मग एमसीबींची रांग आहे. त्यातला गिझरचा 20 अँपिअरचा एमसीबी बदलायचा आहे. घरात इन्व्हर्टरही आहे आणि त्यावर चालणाऱ्या दिवे-पंख्यांचे दोन एमसीबी याच डीबीत एका टोकाला आहेत.

मेन स्विच खाली केला की त्याच्या पुढचा भाग मीटरपासून तुटतो. मात्र मीटरकडून आलेल्या दोन जाड वायर मेन स्विचच्या ज्या टोकांना जोडलेल्या असतात, तिथे 230 व्होल्ट तसेच राहतात. झाकण काढलं की ही टोकं हाताच्या अंतरावर येतात. स्क्रू ड्रायव्हर निसटून तिथे लागला तर शॉक बसू शकतो, ठिणगीही उडू शकते. म्हणून इमारतीच्या मीटर रूममध्ये त्या फ्लॅटचा वेगळा स्विच असेल, तर आधी तो बंद करावा आणि त्यावर 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावावी. नाहीतर कुणीतरी 'यांची लाइट गेलेली दिसते' म्हणून तो सहज वर करतो. मीटरला किंवा वीज कंपनीच्या सीलला मात्र हात लावायचा नाही.

खरी फसगत इन्व्हर्टरची

मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली. तो लगेच बॅटरीवर जातो आणि त्याच्या दोन्ही एमसीबींना वीज देऊ लागतो. म्हणजे आपण वीज बंद केली त्याच क्षणी डीबीच्या एका कोपऱ्यात दुसरीकडून वीज आली. ही वीजही 230 व्होल्टच्या आसपासच असते. बॅटरीची आहे म्हणून तिचा शॉक सौम्य नसतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मेन बंद केल्यावरही एखादा दिवा किंवा पंखा चालू राहिला, तर डीबी मृत नाही. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा लागतो. पण सगळे दिवे आधीच बंद असतील तर ही खूण दिसणार नाही. म्हणून मोजून पाहण्याला पर्याय नाही.

टेस्टर पुरेसा का नाही?

पेटणारा टेस्टर बरंच सांगतो, पण न पेटणारा टेस्टर काहीच सिद्ध करत नाही. आतला निऑन दिवा गेला असेल, उजेड जास्त असेल किंवा माणूस कोरड्या लाकडी शिडीवर उभा असेल, तर वायरमध्ये करंट असूनही टेस्टर पेटलेला दिसत नाही.

म्हणून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन टप्प्यांत तपासतात. आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर 230 च्या आसपास दाखवतो का ते पाहायचं. मग सगळं बंद करून डीबीत मोजायचं. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासायच्या, आणि इन्व्हर्टरचे एमसीबीही सोडायचे नाहीत. शेवटी मीटर पुन्हा शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटवर लावून पाहायचा. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर ते इथेच कळतं.

रुळावरून एमसीबी कसा सुटतो?

एमसीबी स्क्रूने ठोकलेला नसतो. तो 35 मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे डिन रेलवर, अडकवलेला असतो. त्याच्या पाठीला एका बाजूला पक्का आकडा आणि दुसऱ्या बाजूला, बहुतेक वेळा खाली, स्प्रिंगची क्लिप असते. क्लिपच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून ती बाहेर ओढली की खालची बाजू पुढे येते आणि वरचा आकडा रुळावरून निघतो.

प्रत्यक्षात मधला एमसीबी इतका सहज निघत नाही. रांगेतल्या सगळ्या एमसीबींना फेज पुरवणारी तांब्याची एकच पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. तिचे दात प्रत्येक एमसीबीच्या टोकात शिरलेले असतात. एकाच एमसीबीचा स्क्रू ढिला करून तो जोराने ओढला तर दात वाकतो किंवा एमसीबीची क्लिप तुटते. म्हणून वायरची जागा फोटोत टिपून आधी गिझरची वायर सोडवतात. मग बसबारला जोडलेल्या सगळ्या एमसीबींचे त्या बाजूचे स्क्रू ढिले करून पट्टी बाहेर घेतात. त्यानंतरच क्लिप ओढतात.

परत बसवताना चूक कुठे होते?

एमसीबीच्या टोकात एक छोटी चौकट असते आणि स्क्रू फिरवला की ती वर सरकते. वायर किंवा बसबारचा दात या चौकटीच्या आत जायला हवा. तो चौकटीच्या मागे गेला तरी स्क्रू घट्ट लागतो, पण पकड बसत नाही. दुसरी चूक म्हणजे ज्या शेजारच्या एमसीबींचे स्क्रू ढिले केले होते, त्यातला एखादा तसाच राहणं.

ढिल्या जोडाने काय होतं ते पाहा. 2000 वॉटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर घेतो. जोडाला फक्त 0.1 ओहमचा विरोध असेल, तरी त्या एका बिंदूवर साडेसात वॉट उष्णता तयार होते. तिथलं प्लॅस्टिक हळूहळू काळं पडतं. एमसीबी मात्र पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक वायर हाताने हलकेच ओढून पाहायची, आणि स्क्रू कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळायचा.

नवा एमसीबी जुन्याच अँपिअरचा हवा. 20 चा सारखा पडतो म्हणून 32 चा बसवला, तर पडणं थांबेल, पण भिंतीतली वायर तीच राहील आणि तीच तापेल.

काम झाल्यावर

झाकण लावल्यानंतरच वीज सुरू करायची. आधी सगळे एमसीबी खाली ठेवून मेन वर करायचा, मग एकेक एमसीबी चालू करायचा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहायचं. त्यानंतर गिझर चालू ठेवून काही वेळाने डीबीजवळ जायचं. जळका वास, चरचर आवाज किंवा नव्या एमसीबीचा चटका बसेल इतका तापलेला पृष्ठभाग जाणवला, तर जोड पक्का नाही. तो एमसीबी लगेच बंद करून वायरमनला परत बोलवावं.