दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन सुरुवाती

शाळेतल्या भाषणात, संस्थेच्या अहवालात, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात शिक्षणाचा विषय आला की जोतीराव फुल्यांच्या त्या प्रसिद्ध ओळी पहिल्या परिच्छेदात येतातच. विद्या नसल्यामुळे एकामागून एक काय काय गेलं आणि शेवटी शूद्र कसे खचले, ते सांगणाऱ्या. या ओळी मुळातही एका प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच आहेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ या 1883 मध्ये पूर्ण झालेल्या पुस्तकाचा उपोद्घात त्यांनीच सुरू होतो. म्हणजे आपण जागा तीच वापरतो. तरी तिथे त्या जिवंत वाटतात आणि आपल्याकडे भिंतीवरच्या सुविचारासारख्या. असं का होतं?

त्यासाठी दहा वर्षं मागे जायला हवं. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ आलं. त्याला फुल्यांनी इंग्रजी प्रस्तावनाही जोडली आणि तिच्या माथ्यावर होमरचं एक वचन घातलं: माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचं अर्धं सत्त्व जातं, अशा अर्थाचं. हे वचन तेव्हाही नवं नव्हतं. प्लेटोने ते ‘लॉज’मध्ये वापरलं होतं. अठराव्या शतकात थॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात ते दिलं, आणि पुढे लगेच लिहिलं की होमरच्या काळचे गुलाम गोरे होते. काळ्या गुलामांची स्थिती गुलामीमुळे नसून मुळातच तशी असावी, या संशयाकडे त्याला जायचं होतं. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या माणसाला हे वचन असंही वापरता आलं.

मूळ ‘ओडिसी’त ते युमेअस नावाच्या डुकरं राखणाऱ्याच्या तोंडी आहे. तो स्वतःच गुलाम. मालक घरी नाही, म्हणून नोकरांनी त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष केलं, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे मुळात ते गुलामांच्या कामचुकारपणाबद्दलचं बोलणं. फुल्यांनी ते उचललं आणि दोष गुलाम करणाऱ्यावर टाकला. पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. इंग्रजी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला, मिशनऱ्याला होमर ओळखीचा. शूद्रातिशूद्रांची स्थिती म्हणजे गुलामीच, हे त्याला पटवायचं तर ओळखीचं नाव कामाचं होतं. तेव्हा वचन झिजलेलं असणं हा दरवेळी दोष नसतो. कोणाला उद्देशून आणि पुढे कोणत्या मुद्द्यासाठी, हे ठरलेलं असेल तर झिजलेलं नाणंही चालतं.

पण ‘असूडा’च्या वेळी फुल्यांनी उसनं काही घेतलं नाही. ओळी स्वतः रचल्या. या पुस्तकातले भाग ते गावोगाव वाचून दाखवत, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला होमर कोण हे सांगत बसण्यात अर्थ नव्हता. कानाला लागेल, तोंडात बसेल असं काही हवं होतं. त्यातही मला महत्त्वाची वाटते ती त्या ओळींची बांधणी. ही नुसती दुःखांची यादी नाही. विद्या गेली म्हणून बुद्धी गेली, बुद्धी गेली म्हणून नीती, असं करत साखळी पैशापर्यंत आणि तिथून माणसापर्यंत येते. आम्ही प्रोग्रॅममधली चूक शोधताना दिसणाऱ्या बिघाडापासून मागे मागे मूळ कारणाकडे जातो. फुले मुळापासून बिघाडाकडे येतात, आणि शेवटी सगळं एका अविद्येवर आणून ठेवतात.

मग पुस्तक ती साखळी एकेक कडी करत तपासतं. पहिल्या प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याकडून निघणारी दक्षिणा. दुसऱ्यात सरकारी कचेऱ्या: कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, म्हणून त्याला नाडणारे काळे आणि गोरे कामगार. पाचव्यात उपाय, आणि त्यांत शाळेबरोबर पाणी अडवणारी धरणं, ताली, बांधही आहेत. उपोद्घातातच, ओळींनंतर थोड्याच अंतरावर, सरकारी खात्यांतलं ब्राह्मण कामगारांचं प्राबल्य आणि ऐषआरामात गुंतलेले युरोपियन अधिकारी यांच्यावर सरळ बोट आहे. अविद्या आपोआप आली नाही, तिच्यावर कोणाचं तरी पोट चालत होतं, हे तिथे स्पष्ट होतं.

आपल्या निबंधांत नेमकं हे गळतं. ओळी राहतात, आरोपी जातात. ‘म्हणून शिक्षण महत्त्वाचं आहे’ असं वाक्य पुढे येतं, आणि त्याला या ओळींची गरजच नसते. त्या काढून तिथे दुसरं कुठलंही सुभाषित ठेवलं तरी निबंधातला एक शब्द बदलावा लागत नाही. ‘असूडा’तून त्या काढल्या, तर पहिल्या प्रकरणातली दक्षिणा आणि दुसऱ्यातली कचेरी यांना जोडणारी दोरीच सुटते.