एका औंसाला ५४२ दावेदार: एका आकड्याची कुळकथा

अमेरिकन नागरिकांना सोन्याच्या लगडी बाळगायला १९३३ पासून बंदी होती. ती ३१ डिसेंबर १९७४ रोजी उठली आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात सोन्याचा वायदा सुरू झाला. एक सौदा १०० ट्रॉय औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून थोडा अधिक. सौदा करताना विकणाऱ्याच्या हाती सोने असलेच पाहिजे, अशी अट तेव्हाही नव्हती, आजही नाही. एका औंस सोन्यावर कागदी हक्क किती, हा प्रश्न या सवलतीतूनच निघाला.

त्याचे पहिले गाजलेले उत्तर २०१० सालचे. अमेरिकेच्या वायदे बाजार नियामकासमोर मार्चमध्ये सुनावणी झाली. तिथे जेफ्री ख्रिश्चन या विश्लेषकांनी सांगितले की, मौल्यवान धातूंचे व्यवहार प्रत्यक्ष मालाच्या शंभर पटींत होतात. ते बोलत होते ते उलाढालीबद्दल. बाहेर मात्र त्याचा अर्थ 'एका औंसाचे शंभर मालक' असा लावला गेला. एकच लगड दिवसात दहा वेळा विकली गेली तर उलाढाल दहापट होते, पण दिवस संपताना मालक एकच राहतो. हा फरक तेव्हा पुसला गेला आणि पुढची सगळी गफलत त्यातूनच वाढली.

त्यानंतर कॉमेक्सच्या रोजच्या तक्त्यांवरून गुणोत्तर काढायची पद्धत रूढ झाली. उभ्या असलेल्या सौद्यांची संख्या, म्हणजे ओपन इंटरेस्ट, घ्यायची. तिला १०० ने गुणायचे आणि वखारीतल्या 'रजिस्टर्ड' सोन्याने भागायचे. जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ४ लाख सौदे उभे होते, म्हणजे ४ कोटी औंस. रजिस्टर्ड सोने मात्र जेमतेम ७४ हजार औंसांवर, सव्वादोन टनांच्या आसपास आले होते. भागाकार आला ५४२. आता बाजार कोसळणार, अशी हाकाटी झाली.

बाजार कोसळला नाही. फेब्रुवारीच्या डिलिव्हऱ्या नेहमीसारख्या पार पडल्या. भाव त्या महिन्यात बराच चढला हे खरे, पण कॉमेक्सला सोने देता आले नाही असे काही घडले नाही. कारण या भागाकारात वर आणि खाली, दोन्हीकडे खोट आहे.

खालची आधी पाहू. कॉमेक्सच्या वखारीत सोन्याचे दोन वर्ग असतात. ज्यावर डिलिव्हरीची पावती, म्हणजे वॉरंट निघाले आहे ते 'रजिस्टर्ड'. त्याच दर्जाचे, त्याच तिजोरीत पडलेले, पण पावती न निघालेले ते 'एलिजिबल'. मालकाने ठरवले की पावती निघते आणि सोने जागचे न हलता दुसऱ्या रकान्यात जाते. त्या जानेवारीत एलिजिबल सोने ६० लाख औंसांहून जास्त होते. शिवाय जानेवारी हा सोन्याच्या डिलिव्हरीचा मुख्य महिना नाही, तेव्हा पावत्या काढून ठेवायची कोणाला घाई नव्हती. अर्थात एलिजिबल सोन्याचा प्रत्येक मालक विकायला तयार असतो असे नाही. म्हणून तो साठा सगळाच्या सगळा जमेस धरणेही चूकच.

वरच्या आकड्यात सगळ्या महिन्यांचे सौदे एकत्र येतात. त्यातला ज्याचा महिना आला तोच सोने मागू शकतो, आणि तोही सहसा मागत नाही. सौदा कापतो किंवा पुढच्या महिन्यावर ढकलतो. विकणाऱ्यांमध्येही लंडनमध्ये खरे सोने बाळगून भावाच्या जोखमीपुरता न्यूयॉर्कमध्ये वायदा विकणाऱ्या बँका असतात.

मग खरी कोंडी कशी दिसते? २३ मार्च २०२० च्या सुमारास कोविडमुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातले मोठे शुद्धीकरण कारखाने बंद झाले आणि प्रवासी विमानेही थांबली. लंडनची लगड सुमारे ४०० औंसांची, तर कॉमेक्सला १०० औंसांची किंवा किलोची हवी. ती वितळवून नव्याने ओतणारेच बंद होते. सोने होते, पण चुकीच्या शहरात आणि चुकीच्या आकारात. न्यूयॉर्कचा वायदा लंडनच्या भावापेक्षा काही काळ ७० डॉलरांनी वर गेला. गुणोत्तर त्या वेळी २०१६ च्या मानाने कितीतरी खाली होते.

२०२५ च्या सुरुवातीला तर उलटेच झाले. आयातशुल्काच्या धास्तीने सोने न्यूयॉर्कला धावले, कॉमेक्सचा साठा दुपटीहून वाढला आणि गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसले. चणचण लंडनमध्ये होती. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतून लगडी बाहेर यायला दिवसांऐवजी आठवडे लागू लागले आणि सोने उसने घ्यायचे दर उसळले.

लंडनमध्ये बहुतेक व्यवहार 'अनअलोकेटेड' खात्यांवर चालतात. खातेदाराच्या नावाची लगड तिथे नसते, बँकेवर येणे असते. अशा येण्याची एकूण बेरीज प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे साऱ्या जगासाठी सांगितलेला कोणताही एकच आकडा मी मानत नाही. ज्याला कोंडी ओळखायची असेल त्याने दोन शहरांतल्या भावांची तफावत, सोन्याचे उसनवारीचे दर आणि जवळच्या महिन्याचा वायदा लांबच्यापेक्षा महाग झाला आहे का, हे पाहावे. ५४२ च्या दिवसांत यातले काहीही मार्च २०२० सारखे ताणले गेले नव्हते.