ग्राफिक्स सेटिंग (कमी कुवतीच्या फोनवरील खेळांत)

मोबाइल खेळातील चित्राचा तपशील आणि हालचालीचा वेग यांचा फोनच्या कुवतीशी मेळ घालण्याची सोय. वेग फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम तयार करायला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० हव्या असतील, तर जेमतेम १७. तेवढ्या वेळात काम उरकले नाही, की खेळ अडखळतो.

टेक्स्चर आणि सावली यांचा भार मात्र एकाच ठिकाणी पडत नाही. टेक्स्चर म्हणजे भिंत, गवत, कपडे यांच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र. २०४८ × २०४८ पिक्सेलचे असे चित्र न दाबता ठेवले, तर १६ एमबी जागा घेते. एएसटीसी पद्धतीने दाबल्यावर, ६ × ६ च्या ठोकळ्यांत, दोन एमबीहून कमी. बाजू निम्मी केली की जागा चौथाईवर येते. म्हणजे टेक्स्चरचा मुख्य भार मेमरीवर असतो. सावलीचा भार वेळेवर असतो: सूर्याच्या जागेवरून दृश्य आधी एकदा वेगळे रेखाटावे लागते, आणि मग पडद्यावरचा ठिपका उजेडात आहे की सावलीत, हे त्याच्याशी ताडून पाहावे लागते.

समजा, एका फोनवर फ्रेमला २८ मिलिसेकंद लागतात आणि त्यांतले ६ सावलीचे आहेत. सावली बंद केली की २२ उरतात, आणि ४० फ्रेमला लागणारी २५ ची मर्यादा पाळता येते. त्याच फोनवर टेक्स्चर उतरवले, तर खेळ धूसर दिसेल, पण वेग बहुधा फारसा वाढणार नाही. म्हणून आधी सावली सोडावी. तरीही बरेच जण सगळेच एकदम खाली ओढतात आणि धूसर चित्र विनाकारण सोसतात.

भारतात २०२१ साली आलेल्या बीजीएमआयमध्ये `Graphics` आणि `Frame Rate` अशा दोन ओळी असतात. पहिलीत वरचा दर्जा निवडला, की दुसरीतले वेगवान पर्याय कमी होतात. त्यामुळे स्वस्त फोनवाले `Smooth` धरून वेग वाढवतात: `High` म्हणजे ३०, `Ultra` ४०, `Extreme` ६०. येथे एक खोच आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० चा भागाकार नीट जात नाही. एक फ्रेम एका फेरीपुरती, तर पुढची दोन फेऱ्या दिसते. म्हणून स्थिर ३० काही वेळा ४० हून सुरळीत वाटते.

बिघाड कुठे आहे, हे अडखळण्याच्या वेळेवरून बऱ्यापैकी कळते. नव्या वस्तीत शिरताच झटका बसला, किंवा खेळ अचानक बंद होऊन मुख्य पडदा आला, तर मेमरीवर संशय घ्यावा. तिथे टेक्स्चर उतरवणेच कामाचे. पहिला डाव ठीक जाऊन फोन तापल्यावर वेग पडला, तर चिपने उष्णतेमुळे आपली गती कमी केलेली असते. तिथे फ्रेमची मर्यादाच खाली आणावी लागते. गर्दीत वेग पडत असेल आणि रेझोल्यूशन घटवूनही फरक दिसत नसेल, तर अडचण बहुधा ग्राफिक्सची नसून मुख्य प्रोसेसरची असते, आणि टेक्स्चरच्या बटणाचा तिथे फारसा उपयोग होत नाही.