एक टन जलपर्णीतून नेमकं काय मिळतं? खत, गॅस आणि कागदाचा साधा हिशोब

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, इथल्या धानशेतीचा आणि मासेमारीचा आधार आहेत. पण आज यातल्या काही तलावांवर आणि भंडारा शहराजवळ वैनगंगेच्या पात्रात हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. जांभळ्या फुलांची ही तरंगती वनस्पती म्हणजे जलपर्णी, जिला बरेच जण इकॉर्निया म्हणतात. काठावर वाढणारी बेशरम वेगळी. तिची मुळं मातीत असतात, जलपर्णी मात्र पाण्यावर मोकळी तरंगते.

"एवढी जलपर्णी आहे तर तिचं खत करा, गॅस करा" असं सगळेच सांगतात. पण एका ट्रॉलीतून हातात किती येतं? आज तोच हिशोब करूया.

ती इतकी का वाढते?

तिला दोन गोष्टी लागतात: थांबलेलं पाणी आणि सांडपाण्यातून येणारं नत्र व स्फुरद. वैनगंगेत दोन्ही आहेत. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणामुळे पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत फुगतं. नागपूरचं सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. गावच्या तलावात हेच काम गावातल्या नाल्या आणि शेतातून वाहून आलेला युरिया करतात.

उष्ण हवामानात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, तुम्ही तलाव साफ केला आणि फक्त 1 टक्का रोपं कोपऱ्यात राहिली. 1 चे 2, 2 चे 4 असं करत सात वेळा दुप्पट झाली की तलाव पुन्हा भरला. म्हणजे अंदाजे साडेतीन महिने! म्हणून एकदाच मोठी मोहीम काढण्यापेक्षा नंतर दर पंधरा दिवसांनी डोंग्यातून फिरून उरलेली रोपं वेचणं जास्त महत्त्वाचं.

आधी मोजा: तलावात किती आहे?

बांबूची 1 मीटर बाय 1 मीटर चौकट बनवा, ती जलपर्णीवर ठेवा आणि आतली सगळी रोपं काढून पाणी निथळल्यावर वजन करा. चार-पाच जागी करून सरासरी घ्या. समजा 25 किलो आली. एका एकरात सुमारे 4,000 चौरस मीटर असतात, म्हणजे एकरी 100 टन.

एकूण क्षेत्र मोबाईलवर मोजता येतं. Copernicus Browser मध्ये Sentinel-2 चं चित्र उघडा आणि NDVI लेयर निवडा. मोकळं पाणी आणि हिरवा थर वेगळे दिसतात. याचं सूत्र असं:

```
NDVI = (B8 - B4) / (B8 + B4)
```

या चित्रात एक ठिपका 10 मीटरचा असतो, त्यामुळे अगदी छोट्या बोडीसाठी ते उपयोगाचं नाही. पावसाळ्यात ढगही आड येतात.

खरी अडचण: पाणी

ताज्या जलपर्णीत 90 ते 95 टक्के पाणीच असतं. 94 टक्के धरलं तर 1 टनात 940 किलो पाणी आणि फक्त 60 किलो कोरडा माल. यातून ढोबळमानाने हे मिळतं:

- बायोगॅस: 9 ते 10 घनमीटर. घरगुती एलपीजीच्या हिशोबात साधारण 4 किलो, म्हणजे सिलेंडरच्या तिसऱ्या भागापेक्षा थोडं कमी.
- कंपोस्ट: 50 ते 60 किलो, म्हणजे एक पोतं.
- कागदाचा लगदा: जेमतेम 10 किलो, कारण फक्त देठ कामाचे.

म्हणजे ताजी जलपर्णी ट्रॉलीत भरून लांब नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. जे करायचं ते तलावाच्या जवळच करायला हवं.

खत: गावात सगळ्यात जमणारा मार्ग

1. फुलं यायच्या आधी काढा. फूल सुकलं की दांडा पाण्याकडे वाकतो आणि बिया चिखलात पडतात. त्या अनेक वर्षं जिवंत राहतात.
2. काठापासून दूर, उंच जागी पसरा. काठावरच ढीग सोडला तर पहिल्या पावसात तो परत तलावात जातो.
3. 1 टनाचं वजन सुमारे 200 किलो होईपर्यंत उन्हात वाळवा. मग 5 सेंटिमीटरचे तुकडे करा.
4. त्यात 60 किलो धानाचं तणस आणि 100 किलो शेण मिसळा. तणस ओल शोषतं आणि ढिगात हवा खेळती ठेवतं.
5. किमान 1 मीटर उंच ढीग लावा. त्यापेक्षा लहान ढीग तापतच नाही.
6. दर आठवड्याला पलटा आणि बाहेरचा माल आत घाला. दोन ते अडीच महिन्यांत खत तयार होतं. तणस-शेणामुळे ते एका पोत्यापेक्षा जास्त भरतं.

ढीग नीट चाललाय हे कसं कळेल? मूठभर माल दाबा. हात ओला झाला पण थेंब पडले नाहीत तर ठीक. थेंब पडले आणि कुजका वास आला तर तणस वाढवा. ढिगात लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा. काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर आत चांगली उष्णता आहे. 55 अंशांच्या वर काही दिवस राहिल्याशिवाय बिया आणि कोंब मरत नाहीत. ढीग थंड राहिला तर तुम्ही खताबरोबर जलपर्णीचं बियाणंही वाटताय.

बायोगॅस आणि कागद

घरच्या 2 घनमीटरच्या प्लांटला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं. अर्धं शेण ठेवलं तर उरलेल्या 1 घनमीटर गॅससाठी रोज 110 किलो ताजी जलपर्णी कापावी लागेल. आख्खी टाकली तर ती आत तरंगते, वर जाड साय धरते आणि नळी तुंबते. म्हणून 2-3 सेंटिमीटरचे तुकडे किंवा लगदा करून शेणात कालवून, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करा. गोठा असलेल्या घराला हे जमतं. नुसत्या जलपर्णीवर प्लांट चालवणं कठीण.

कागदाचं म्हणाल तर देठाचा लगदा पाणी लवकर सोडत नाही आणि कागद वाळताना आक्रसतो. म्हणून त्यात रद्दी किंवा सुती चिंध्यांचा लगदा मिसळतात. फाइल, पिशव्या, ग्रीटिंग कार्ड यासाठी तो चालतो, पण तलाव रिकामा करण्याचा हा मार्ग नाही.

एक गोष्ट विसरू नका

जलपर्णीची मुळं पाण्यातलं शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषतात. ते कंपोस्टमध्ये नाहीसे होत नाहीत, गॅस काढला तरी स्लरीत उरतात. शेतातल्या तलावात ही भीती कमी, पण शहराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या नदीतली असेल तर मुळं कापून वेगळी करा आणि खत भाजीला घालण्याआधी प्रयोगशाळेत तपासा. खत नियंत्रण आदेशानुसार सेंद्रिय कंपोस्टमध्ये एका किलोला कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं.

आणि फवारणीने जलपर्णी मारायचा विचार असेल तर थांबा. मेलेला थर पाण्यातच कुजतो, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्याचा पहिला फटका तलावावर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना बसतो. वर सांडपाणी अडवणं, खाली हाताने काढणं आणि काठाजवळ खत करणं, हा क्रम हळू वाटला तरी तलाव मोकळा ठेवतो.